धंद्याची योजना सुरू झाली, आता दर महिन्याला काय मोजायचं? इंदूरच्या एका डबा-व्यवसायाच्या आकड्यांवरून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये घरगुती डबे, पापड-कुरडया, शिवणकाम, शिकवण्या असे छोटे उद्योग सुरू करणाऱ्या मराठी मंडळींबरोबर हिशेब मांडायला बसलं की काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकाच उदाहरणावरून दिली आहेत. उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे. रामबागेतल्या दोन जावांनी जुलैमध्ये दुपारच्या डब्याचं काम सुरू केलं. गिऱ्हाईक मुख्यतः भंवरकुआँ भागात खोली घेऊन राहणारे, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी. डबा ८० रुपयांचा, रविवारी सुट्टी, म्हणजे महिन्याला साधारण २६ डबे.

योजनेत तर सगळे आकडे आहेतच. मग वेगळे निर्देशक कशाला निवडायचे?

योजनेतले बहुतेक आकडे हे परिणाम असतात. “डिसेंबरपर्यंत १२५ ग्राहक” हा परिणाम झाला. तो ज्या गृहीतकांवर उभा आहे ती योजनेच्या पोटात असतात, आणि दर महिन्याला तपासायची असतात ती तीच.

या दोघींच्या योजनेत अशी चार गृहीतकं होती. दर महिन्याला २५ नवे ग्राहक येतील. या महिन्याच्या १०० ग्राहकांपैकी ९० पुढच्या महिन्यातही राहतील. सामान, गॅस-पॅकिंग आणि पोचवणं हा खर्च वजा जाता एका डब्यामागे २४ रुपये उरतील. आणि पैसे महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आगाऊ मिळतील. जुलैत ४० ग्राहक धरले आणि हे चारही खरे ठरले, तर ऑगस्टमध्ये ६१, सप्टेंबरमध्ये ८०, ऑक्टोबरमध्ये ९७ असं करत डिसेंबरअखेर १२६ होतात.

तेव्हा निवडीचा माझा नियम सोपा आहे. योजनेतली गृहीतकं एका कागदावर लिहून काढा. प्रत्येकापुढे विचारा: हे खोटं निघालं तर योजना बुडेल का? उत्तर हो असेल तर त्या गृहीतकाचा एक आकडा डॅशबोर्डवर, म्हणजे दर महिन्याला बघायच्या एका पानाच्या तक्त्यावर, घ्या. नाही असेल तर तो वहीत राहू द्या.

एकूण किती आकडे ठेवावेत?

अशा उद्योगाला पाच पुरतात. या दोघींनी वरच्या चार गृहीतकांचे चार आकडे घेतले आणि पाचवा “वेळेवर पोचलेले डबे” हा घेतला. ग्राहक का जातो याची चाहूल बहुधा तिथे सर्वांत आधी लागते, म्हणून.

सोशल मीडियावरचे फॉलोअर, चौकशीचे फोन, आजवर विकलेले एकूण डबे हे आकडे त्यांनी मुद्दाम बाहेर ठेवले. “आजवरचे एकूण डबे” हा आकडा कधीच खाली येत नाही, त्यामुळे तो पाहून कोणताही निर्णय होऊ शकत नाही.

महिनाअखेरचे एकूण ग्राहक हा सगळ्यांत महत्त्वाचा आकडा नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

या व्यवसायाचे प्रत्यक्ष आकडे बघा. जुलैअखेर ४२ ग्राहक होते. ऑगस्टमध्ये ३१ नवे आले, ९ गेले, उरले ६४. योजनेत ६१ होते, म्हणजे आनंदच. सप्टेंबरमध्ये ३० नवे, १५ गेले, उरले ७९. योजना ८० ची, म्हणजे बरोबरीच. ऑक्टोबरमध्ये २७ नवे, २० गेले, उरले ८६. योजनेपेक्षा ११ कमी. फक्त शेवटचा आकडा बघणाऱ्याला ऑक्टोबर संपेपर्यंत सगळं सुरळीतच दिसलं असतं.

आता टिकलेले मोजा. ऑगस्टमध्ये जुन्या ४२ पैकी ३३ राहिले, म्हणजे शंभरातले ७९. सप्टेंबरमध्ये ६४ पैकी ४९, म्हणजे ७७. ऑक्टोबरमध्ये ७९ पैकी ५९, म्हणजे ७५. योजना ९० धरून बसली होती. पहिल्याच तुलनेत हा आकडा ११ ने खाली होता. नवे ग्राहक अपेक्षेपेक्षा जास्त येत राहिल्यामुळे ते झाकलं गेलं.

याचा पुढचा हिशेब मी प्रत्येकाला करायला लावते. ग्राहक वाढत जातात तसे दर महिन्याला जाणारेही वाढतात, कारण मोठ्या संख्येतले तेवढेच टक्के जास्त माणसं असतात. एक वेळ अशी येते की जितके येतात तितकेच जातात, आणि संख्या तिथे थबकते. ती जागा काढायला नव्या ग्राहकांच्या संख्येला जाणाऱ्यांच्या प्रमाणाने भागायचं. योजनेप्रमाणे २५ नवे आणि शंभरात १० जाणारे, तर २५ भागिले ०.१० म्हणजे २५०. ऑक्टोबरच्या वेगाने २७ नवे आणि शंभरात २५ जाणारे, तर २७ भागिले ०.२५ म्हणजे १०८. योजना अडीचशेपर्यंत जाऊ शकली असती, प्रत्यक्षातली वाट एकशे आठला संपते. जाहिरात थोडी वाढवून हे अंतर भरून निघत नाही.

“टिकलेला” कोणाला म्हणायचं? मुलं दिवाळीला गावी जातात, ती गेली असं धरायचं का?

नाही. पण नियम आधी लिहून ठेवलेला हवा, नाहीतर प्रत्येक महिन्यात सोयीचा अर्थ लावला जातो. माझा आग्रह असा की पाचही आकड्यांची व्याख्या डॅशबोर्डच्या खालीच दोन-दोन ओळींत लिहावी.

या दोघींची व्याख्या अशी: ज्याने परतायची तारीख सांगून डबा बंद केला आणि त्या तारखेपासून १५ दिवसांत परत सुरू केला, तो “थांबलेला”, म्हणजे टिकलेलाच. त्यानंतरही आला नाही तर तो “गेला”, आणि गेल्याची तारीख शेवटच्या डब्याची. पुढे कधी परत आला तर नवा ग्राहक म्हणून नवी ओळ.

पंधराच्या जागी वीस दिवस चालतील का? चालतील. पण एकदा ठरवल्यावर निदान सहा महिने बदलू नका. व्याख्या बदलली की मागचे आणि पुढचे आकडे एका ओळीत ठेवता येत नाहीत.

दिवाळीच्या महिन्याचा टिकलेल्यांचा आकडा मात्र तात्पुरता समजा. थांबलेल्यांपैकी किती खरंच परतले हे कळलं की तो दुरुस्त करायचा आणि शेजारी “दुरुस्त” असं लिहायचं.

हे सगळं मोजायला सॉफ्टवेअर घ्यावं लागेल?

गूगल शीट्स पुरे. एकच यादी ठेवा, दर ग्राहकाला एक ओळ: A मध्ये क्रमांक, B मध्ये भाग, C मध्ये पहिल्या डब्याची तारीख, D मध्ये शेवटच्या डब्याची तारीख. जो चालू आहे त्याचा D रिकामा. G1 मध्ये मागच्या महिन्याची शेवटची तारीख लिहा आणि H1 मध्ये या महिन्याची. मागच्या महिनाअखेरचे ग्राहक असे मिळतात:

```
=COUNTIFS(C:C,"<="&G1,D:D,"")+COUNTIFS(C:C,"<="&G1,D:D,">"&G1)
```

आणि त्यांच्यातले या महिनाअखेरपर्यंत टिकलेले असे:

```
=COUNTIFS(C:C,"<="&G1,D:D,"")+COUNTIFS(C:C,"<="&G1,D:D,">"&H1)
```

दुसऱ्याला पहिल्याने भागलं की झालं. तारखा खरोखर तारीख म्हणूनच भरल्या आहेत ना, हे तपासा. कोणी “१५ ऑक्टो. बहुतेक” असं लिहिलं तर ती ओळ निमूटपणे मोजणीतून गळते आणि कळतही नाही. महिन्यातून एकदा चालू ग्राहकांची संख्या आणि त्या दिवशी प्रत्यक्ष भरलेल्या डब्यांची संख्या जुळवून बघा. थांबलेले वजा करूनही जुळत नसेल तर आधी यादी नीट करा, मग डॅशबोर्ड.

एका डब्यामागे किती उरलं, हे कसं काढायचं? आम्ही महिन्याची खरेदी भागिले डबे असं करतो.

त्यात एक चूक दडलेली आहे. महिन्यात घेतलेलं सामान आणि महिन्यात वापरलेलं सामान या वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्टोबरमध्ये या दोघींनी ९२,००० रुपयांची खरेदी केली आणि २,००० डबे दिले. सरळ भागाकार केला तर सामान डब्यामागे ४६ रुपये पडतं. पण दिवाळीआधी भाव चढतील म्हणून तेलाचे डबे आणि तांदळाची पोती जास्त घेतली होती. महिन्याच्या सुरुवातीला ९,००० चं सामान शिल्लक होतं, शेवटी १७,००० चं. म्हणजे वापरलं ते ९ अधिक ९२ वजा १७, म्हणजे ८४,००० रुपयांचं. डब्यामागे ४२ रुपये.

त्यासाठी महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी कोठीतलं सामान मोजायला लागतं. सगळं नको. तेल, तांदूळ, कणीक, डाळी, तूप एवढं मोजलं तरी शिल्लक मालाची बहुतेक किंमत त्यात येते. हळद-मोहरीच्या डब्या तोलत बसू नका.

४२ रुपये सामान, ६ रुपये गॅस आणि पॅकिंग, १५ रुपये पोचवणं. ८० मधून ६३ गेले, उरले १७. योजनेत हे ३८, ६ आणि १२ असे होते आणि २४ उरणार होते. स्वयंपाकाच्या जागेचं भाडं, दोन मदतनीस बायकांचे पगार, वीज आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याचा ठरलेला खर्च ४८,००० आहे. २४ रुपयांच्या हिशेबाने तो २,००० डब्यांत, म्हणजे ७७ ग्राहकांत निघतो. १७ रुपयांच्या हिशेबाने त्याला २,८२४ डबे लागतात, म्हणजे १०९ ग्राहक.

आता वरचे १०८ आठवा. ऑक्टोबरच्या चालीने हा व्यवसाय जिथे जाऊन थांबणार आहे, तिथेही खर्च पुरता निघत नाही. दोन वेगवेगळे आकडे शेजारी ठेवल्यावरच हे दिसतं. डॅशबोर्ड एका पानावर असावा असं मी म्हणते ते याचसाठी.

आमचा स्वतःचा पगार खर्चात धरायचा का?

धरा, पण वेगळ्या ओळीत. वरच्या ४८,००० मध्ये दोघींच्या कष्टाचा एक रुपयाही नाही. दोघींनी १२-१२ हजार घ्यायचे म्हटले तर योजनेतले २४ रुपये उरूनसुद्धा ७७ नाही, ११६ ग्राहक लागतात. घरातल्या बायकांची मेहनत हिशेबात फुकट धरली जाते आणि धंदा “नफ्यात” दिसतो. ते मला मुळीच पटत नाही.

डॅशबोर्ड प्रत्यक्षात दिसतो कसा?

असा. ऑक्टोबरअखेरचा हा तक्ता आहे.

| आकडा | योजना | ऑगस्ट | सप्टेंबर | ऑक्टोबर |
|---|---|---|---|---|
| टिकलेले ग्राहक, शंभरात | ९० | ७९ | ७७ | ७५ |
| नवे ग्राहक | २५ | ३१ | ३० | २७ |
| डब्यामागे उरलेले रुपये | २४ | २३ | २० | १७ |
| सव्वाच्या आत पोचलेले डबे, शंभरात | ९५ | ९४ | ८६ | ८१ |
| ५ तारखेपर्यंत जमा, शंभर रुपयांत | ९० | ८८ | ८७ | ८९ |

खाली व्याख्या, आणि त्याखाली “या महिन्यात काय ठरलं” यासाठी तीन ओळी. त्या तीन ओळी रिकाम्या राहिल्या तर तक्ता भरण्याचे कष्ट वाया गेले. रंगीत वर्तुळाकार आलेख, घड्याळाच्या काट्यासारखी चित्रं यांची गरज नाही. सलग महिने शेजारी दिसणं महत्त्वाचं, कारण एकटा ७५ काही सांगत नाही. ७९, ७७, ७५ सांगतो.

दोन-चार टक्के खाली-वर झालं तर लगेच घाबरायचं का?

ग्राहक थोडे असतील तर नाही. तीस माणसांत एक माणूस म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. दोन विद्यार्थ्यांची परीक्षा झाली आणि ते गावी गेले, एवढ्यानेही आकडा सहा-सातने हलतो. म्हणून एका महिन्याच्या घसरणीवर निर्णय घेऊ नका. सलग दोन महिने एकाच दिशेला गेलं तर हात घाला. आणि टक्क्यांच्या शेजारी माणसांची संख्या लिहाच. “७५ टक्के” यापेक्षा “७९ पैकी ५९” हे जास्त प्रामाणिक आहे.

याला अपवाद पैशांचा. डब्यामागे उरलेले रुपये हे दोन हजार डब्यांवर मोजलेले असतात, तिथे योगायोग फारसा चालत नाही. शिल्लक माल बरोबर मोजला असेल तर तिथे तीन रुपयांची घसरण पहिल्याच महिन्यात गंभीरपणे घ्यावी.

कधी हालचाल करायची हे कसं ठरवावं?

आकडा समोर येण्याआधी ठरवावं. टिकलेले सलग दोन महिने ८० च्या खाली गेले तर नव्या भागातले ग्राहक घ्यायचे नाहीत, असा नियम जुलैतच लिहिलेला असता, तर ऑगस्ट आणि सप्टेंबरचे आकडे बघून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच विजय नगर या सप्टेंबरपासून घेतलेल्या भागातला विस्तार थांबला असता. आकडा समोर आल्यावर ठरवायला बसलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, “अगं, अजून एक महिना बघू.” ते चुकीच्या हेतूने म्हणत नाहीत. पण तो एक महिना इथे १४,००० रुपयांना पडला: २,००० डबे गुणिले १७ म्हणजे ३४,०००, आणि ठरलेला खर्च ४८,०००.

आकडा खाली आला हे कळलं. कारण कसं शोधायचं?

आधी आकडा फोडायचा, मग फोन करायचा. हा क्रम उलटा केला तर ज्याचा फोन लागला त्याचंच कारण सगळ्यांचं वाटू लागतं.

फोडायचा पहिला मार्ग म्हणजे कोण कधी आलं. जुलैत आलेल्या ४२ पैकी ऑगस्टमध्ये ३३, सप्टेंबरमध्ये २७, ऑक्टोबरमध्ये २४ राहिले. शेवटच्या टप्प्यात २७ मधले फक्त ३ गेले. म्हणजे जे दोन-तीन महिने जेवले ते टिकतात. स्वयंपाक बिघडलेला नाही. ऑगस्टच्या ३१ पैकी पुढच्या महिन्यात २२ राहिले. सप्टेंबरच्या ३० पैकी १८ च. गळती पहिल्या महिन्यातली आहे आणि सप्टेंबरमध्ये आलेल्यांत ती वाढली आहे. जुलै-ऑगस्टमधला फरक दोन-तीन माणसांचा, तो सोडून द्या. सप्टेंबरचा सोडता येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे कोण कुठलं. सप्टेंबरपासून त्यांनी विजय नगरच्या ऑफिसांचे डबे घेतले होते. सप्टेंबरच्या ३० नव्यांपैकी १२ भंवरकुआँचे होते, त्यातले १० टिकले. विजय नगरचे १८, त्यातले ८ टिकले. इथे चित्र स्पष्ट झालं. रामबागेतून भंवरकुआँ एका दिशेला आणि विजय नगर दुसऱ्या दिशेला. एकच मुलगा आधी भंवरकुआँचे डबे देऊन मग विजय नगरला जायचा. भर दुपारच्या गर्दीत विजय नगरचा डबा दोनच्या सुमारास पोचायचा आणि ऑफिसातली जेवणाची सुट्टी तोवर संपलेली असायची. “सव्वाच्या आत पोचलेले” हा आकडा ९४ वरून ८६ आणि मग ८१ वर आला तो याच महिन्यांत.

मग फोन. सोडून गेलेल्या दहाजणांना विचारायचं, पण “आमचा डबा आवडला नाही का?” असं नको, सरळ उत्तर मिळणार नाही. “आता दुपारी कुठे जेवता? कधीपासून?” असं विचारा. उत्तरात कारण आपोआप येतं.

मग या दोघींनी काय केलं?

आधी पोचवण्याचा खर्च भागवार वेगळा केला. भंवरकुआँचा डबा १२ रुपयांत पोचत होता, विजय नगरचा २२ रुपयांत. म्हणजे बाकी सगळं सारखं धरूनही भंवरकुआँच्या डब्यामागे २० रुपये उरत होते, विजय नगरच्या डब्यामागे १०. ज्या भागात ग्राहक टिकत नव्हते तिथेच पैसेही निम्मे उरत होते.

नोव्हेंबरच्या तीन ओळींत असं ठरलं: विजय नगरचे नवे ग्राहक बंद. आहेत त्यांच्यासाठी पावणेबाराला निघणारी वेगळी फेरी, आणि डिसेंबरपासून डबा ९० रुपयांचा. पटेल तो राहील. सामानाच्या ४२ रुपयांसाठी पंधरा दिवस रोज उरलेली भाजी आणि पोळ्या मोजायच्या, म्हणजे भाव वाढलेत की जास्त शिजतंय हे कळेल. पुढे प्रत्येक ठरावापुढे नाव आणि तारीख. फेरीचं काम धाकटीकडे, मोजणीचं थोरलीकडे.

डबे पोचवणाऱ्या मुलाचा पगार “वेळेवर” या आकड्याला बांधला तर?

निदान सुरुवातीला बांधू नका. उशीर झाल्याची खूण तोच यादीवर करतो. त्याचे पैसे त्या खुणेवर अवलंबून ठेवले की खुणा कमी होतील, उशीर तेवढाच राहील, आणि तुमचा सर्वांत आधी सावध करणारा आकडा आंधळा होईल. आठवड्यातून एकदा कुठल्याही पाच ग्राहकांना व्हॉट्सॲपवर “आज डबा किती वाजता मिळाला?” असं विचारून खुणा ताडून बघा. जुळत असतील तर आकडा विश्वासाचा आहे.

सणाच्या महिन्यांची तुलना कशी करायची?

एकूण डब्यांऐवजी कामाच्या दिवसामागे डबे बघा. रंगपंचमीला गेर निघते तेव्हा निम्मं शहर रस्त्यावर असतं, त्या दिवशी डबा बंदच ठेवावा लागतो. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या दुसऱ्या दिवशीही मागणी कमी असते. २६ ऐवजी २३ दिवस काम झालं तर एकूण डबे घटणारच, त्यावरून काही निष्कर्ष काढू नका. ठरलेला खर्च मात्र तेवढाच राहतो, म्हणून कमी दिवसांच्या महिन्यासाठी पैसे बाजूला ठेवायची सवय लावा.

पहिल्या वर्षी मागच्या वर्षाशी तुलना शक्यच नसते. विद्यार्थी परीक्षेनंतर कधी जातात, नवे कधी येतात, हे पहिल्या वर्षी तारखेसह टिपून ठेवा. दुसऱ्या वर्षीच्या योजनेला त्याचा फार उपयोग होतो.

योजनेतला आकडाच चुकीचा होता असं लक्षात आलं तर तो बदलायचा?

जुना खोडू नका. शेजारी “सुधारित” असा रकाना करा आणि तारीख घाला. इथे ९० हा अंदाज मुळातच सैल होता. नवा विद्यार्थी पहिल्या महिन्यात दोन-तीन ठिकाणचे डबे चाखून बघतो, तेव्हा पहिल्या महिन्यातली गळती राहणारच. जुने ग्राहक मात्र २७ पैकी २४ टिकले, म्हणजे ९० च्या जवळच. तेव्हा एकच ९० धरण्याऐवजी नव्यांसाठी ७५ आणि दोन महिन्यांहून जुन्यांसाठी ८८ अशी दोन गृहीतकं लिहिणं जास्त खरं ठरेल. मग डॅशबोर्डवर टिकलेल्यांच्या दोन ओळी होतात, आणि पाचचे सहा आकडे झाले तरी हरकत नाही.

बँकेला किंवा पैसे दिलेल्या नातेवाइकांना दाखवताना दोन्ही रकाने दाखवा. सुधारित आकडाच पहिल्यापासून होता असं भासवलं, तर पुढच्या सुधारणेवर कोणी विश्वास ठेवत नाही.

महिन्याची बैठक कधी आणि किती वेळ?

६ किंवा ७ तारखेला. ५ पर्यंत पैसे जमा होतात, शिल्लक माल १ तारखेपर्यंत मोजून झालेला असतो. आकडे आदल्या रात्री भरलेले असावेत. बैठकीत वही धुंडाळायची नाही. पाऊण तास पुरतो. आधी मागच्या महिन्यात ठरलेलं झालं का, मग टिकलेले, मग पैसे. बाकीचे आकडे योजनेच्या आसपास असतील तर त्यांवर बोलायची गरज नाही.

एखादा आकडा डॅशबोर्डवरून कधी काढावा?

सलग सहा महिने तो योजनेजवळ राहिला आणि त्याच्यामुळे एकही निर्णय झाला नाही, तर त्याला वहीत पाठवा. इथे तो मान बहुधा “५ तारखेपर्यंत जमा” या ओळीला मिळेल. ८८, ८७, ८९ असा तो जवळपास एकाच जागी आहे. तो काढलात तरी तिमाहीतून एकदा तपासा. उधारी एकदम वाढत नाही. एका ओळखीच्याला सवलत, मग त्याच्या खोलीतल्या मित्राला, अशी ती सरकते. त्या रिकाम्या जागी विजय नगरच्या डब्यामागे उरलेले रुपये घ्या, निदान डिसेंबरचे नवे दर लागू होऊन दोन महिने होईपर्यंत.